फलक आणि बिल्ल्यांवरून गर्दीच्या छायाचित्राची ओळख

जुन्या मोर्चाच्या, सभेच्या किंवा अधिवेशनाच्या छायाचित्रातले कापडी फलक, हातपाट्या, झेंडे आणि छातीवरचे बिल्ले वाचून प्रसंग कोणता, तो कोणी घडवून आणला आणि वर्ष कोणते हे ठरवायचे, आणि त्यावरून चित्रातल्या माणसांची नावे सांगू शकेल अशी व्यक्ती गाठायची, अशी ही पद्धत आहे. अभिलेखागारांत आणि चळवळींचा इतिहास लिहिताना ती वापरली जाते. गर्दीतल्या माणसांची नावे फलकावर कधीच नसतात. नावे कोणाला विचारावीत, एवढेच त्यावरून कळते. म्हणून फलकाचे वाचन हा या कामाचा अर्धा भाग, आणि योग्य माणसापर्यंत पोहोचणे हा उरलेला अर्धा.

ही पद्धत नीट समजण्यासाठी मुंबईतल्या १९७२ नंतरच्या लाटणे मोर्चांची छायाचित्रे फार उपयोगी आहेत. १९७२च्या दुष्काळात धान्य, तेल, साखर, रॉकेल यांची टंचाई आणि भाववाढ झाली, तेव्हा वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रियांनी एकत्र येऊन महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते ही तिच्यातली ठळक नावे. हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. त्या मोर्चांच्या छायाचित्रांत पुढाऱ्यांची नावे बहुधा लिहिलेली असतात. त्यांच्या मागच्या दहा-बारा रांगांतल्या बायका मात्र अनामिक राहिल्या आहेत, आणि खरे काम त्यांच्यासाठीच करायचे आहे.

उदाहरणासाठी असे एक छायाचित्र कल्पू. पाठीमागे काहीही लिहिलेले नाही. पुढच्या रांगेत दोन काठ्यांवर ताणलेला मोठा फलक आहे, पण मधे घडी पडल्यामुळे ‘…तिकार संयुक्त महिला स…’ एवढेच वाचता येते. मागे तीन लहान फलक आहेत. काही बायकांच्या पदरावर कागदी बिल्ले टाचलेले आहेत आणि बाजूच्या भिंतीवर सिनेमाची पोस्टरे आहेत.

पहिले काम म्हणजे चित्र सुलटे आहे की नाही हे पाहणे. निगेटिव्ह उलटी ठेवून छापले गेले असेल तर डावे-उजवे बदलते. देवनागरी अक्षर स्पष्ट असेल तर हे लगेच कळते, पण मजकूर पुसट असला की साडीच्या पदरावरून अंदाज घेतात. इथे एक सावधगिरी हवी. मराठी पद्धतीत पदर डाव्या खांद्यावर, तर गुजराती पद्धतीत उजव्या खांद्यावर येतो, आणि मुंबईच्या मोर्चात दोन्ही तऱ्हा असतात. एका बाईवरून निर्णय करू नये, रांगेतल्या बहुसंख्य बायकांकडे पाहावे. त्यानंतर मूळ छापील प्रत इंचाला किमान ६०० ठिपके या बारकाव्याने, आणि निगेटिव्ह लहान असल्यामुळे त्याहून कितीतरी जास्त बारकाव्याने स्कॅन करून घ्यावी. मोबाइलवर आलेल्या दाबलेल्या प्रतीत लहान फलकावरचे अक्षर उरत नाही, आणि पुढे दिसेल तसे आपले भविष्य त्या लहान फलकावरच अवलंबून आहे.

तुटक मजकुराची जुळणी करताना अंदाजाने शब्द भरण्याचा मोह होतो. ‘…तिकार संयुक्त महिला स…’ हा तुकडा समितीच्या पूर्ण नावात बसतो, पण तो फलकावरच्या मोकळ्या जागेतही बसला पाहिजे. दिसणाऱ्या अक्षरांची रुंदी धरून घडीत किती अक्षरे मावतील ते मोजावे. जुळले तर प्रसंगाचा प्रकार कळला, पण तारीख अजून कळलेली नाही. महागाईविरोधी मोर्चे त्या काळात अनेक निघाले आणि नंतरही निघत राहिले. नुसते लाटणे दिसले म्हणून १९७२ लिहून टाकणे ही या चित्रांच्या बाबतीत सर्रास दिसणारी चूक आहे.

वर्ष काढण्यासाठी दोन टोके बांधावी लागतात: चित्र कशाच्या आधीचे असू शकत नाही, आणि कशाच्या नंतरचे असण्याची शक्यता नाही. समितीचे नाव असल्यामुळे चित्र १९७२च्या आधीचे नाही. दुसरे टोक आणीबाणीचे. २५ जून १९७५ नंतर असे मोर्चे उघडपणे काढणे जवळजवळ अशक्य झाले, ते मार्च १९७७पर्यंत. हे टोक पक्के नाही, कारण १९७७ नंतर जुना फलक पुन्हा बाहेर काढला गेलेला असू शकतो. कापडी फलकाला रंगाऱ्याचे पैसे पडतात, म्हणून संघटना फलकावर मुद्दाम वर्ष लिहीत नसत आणि तोच फलक वर्षानुवर्षे वापरत. त्यामुळे दोन्ही टोके आजूबाजूच्या खुणांनी घट्ट करावी लागतात. एखाद्या फलकावर ‘जनवादी महिला संघटना’ असे असेल तर चित्र १९८१चे किंवा त्यानंतरचे, कारण ही अखिल भारतीय संघटना त्या वर्षी स्थापन झाली. झेंड्यावर किंवा पोस्टरवर नांगरधारी शेतकऱ्याचे जनता पक्षाचे चिन्ह असेल तर १९७७च्या आधीचे नाही. काँग्रेसची गाय-वासरू ही निशाणी १९७१च्या निवडणुकीपासून होती आणि हाताचा पंजा १९७८मध्ये आला.

पत्त्यावरूनही वर्ष निघते. फलकाच्या तळाशी ‘परळ, मुंबई १२’ असा पत्ता असेल तर तो जुन्या टपाल विभागाचा, आणि ‘मुंबई ४०० ०१२’ असा असेल तर पिनकोडचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, म्हणजे नेमका आपल्याला हवा त्या काळात. पिन दिसला तर चित्र त्या तारखेनंतरचे हे निश्चित. पिन नसणे मात्र काहीही सिद्ध करत नाही, कारण लोक कितीतरी वर्षे जुनाच पत्ता लिहीत होते. शुद्धलेखनाचेही तसेच आहे. १९६२मध्ये राज्य शासनाने स्वीकारलेल्या नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ झाला आणि ‘समिति’ची ‘समिती’ झाली. न उच्चारले जाणारे अनुस्वारही गेले. त्यामुळे ‘समिति’ आणि ‘मुंबईंत’ दोन्ही दिसले तर १९५६ ते १९६०च्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याकडे नजर जाते. पण रंगाऱ्याचा हात जुन्या वळणाचा असू शकतो, शिवाय हिंदीत आजही ‘समिति’च लिहितात. ही खूण आधाराला घ्यावी, तिच्यावर एकटीवर भार टाकू नये.

आपल्या चित्रातल्या भिंतीवर ‘बॉबी’ चित्रपटाचे पोस्टर आहे असे समजू. हा चित्रपट २८ सप्टेंबर १९७३ला प्रदर्शित झाला. पोस्टरे थोडी आधी लागतात आणि फाटेपर्यंत भिंतीवर राहतात, म्हणून यावरून नेमका दिवस मिळत नाही, पण चित्र १९७३च्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे ठरते. आणीबाणीपर्यंतचा टप्पा धरला तर आता सुमारे पावणेदोन वर्षांचा अवधी उरतो. तेवढा वर्तमानपत्रांतून पुरा चाळता येतो.

यानंतर प्रश्न येतो आयोजकांचा, आणि इथेच बहुतेकांची वाट चुकते. पुढचा मोठा फलक संयुक्त समितीचा आहे, पण संयुक्त समितीला स्वतःचे सभासद नव्हते. तिच्यात समाजवादी महिला सभा, कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तुळातली भारतीय महिला फेडरेशन, मार्क्सवाद्यांच्या बाजूची श्रमिक महिला संघ अशा संघटना होत्या आणि प्रत्येकीने आपापल्या वस्तीतून बायका आणल्या होत्या. म्हणून मोठा फलक संशोधकाला पुढाऱ्यांपर्यंत नेतो, आणि त्यांची नावे तर आधीच ठाऊक असतात. प्रमिला दंडवते २००१मध्ये, अहिल्या रांगणेकर २००९मध्ये आणि मृणाल गोरे २०१२मध्ये गेल्या. हजारोंच्या मोर्चात तिसऱ्या रांगेतली बाई कोण होती हे त्याही कदाचित सांगू शकल्या नसत्या.

ते सांगू शकते शाखेची कार्यकर्ती. म्हणून मागचे तीन लहान फलक महत्त्वाचे. त्यातल्या एकावर संघटनेच्या नावाखाली ‘गोरेगाव’ वाचता आले, तर त्या फलकाच्या भोवतीच्या वीस-पंचवीस बायका त्या भागातल्या असण्याचा संभव मोठा, कारण वस्तीतल्या बायका एकत्र लोकलने येतात आणि एकत्र चालतात. फलक कोणी धरला आहे तेही पाहावे. काठी धरणारी बाई बहुधा शाखेची चिटणीस, खजिनदार किंवा घरोघर फिरून बायकांना गोळा करणारी असते. तिला ओळखणारे कोणी भेटले की पुढची वीस नावे तिच्या शेजारपाजारातून येतात.

बिल्ल्यांचे वाचन वेगळ्या प्रकारचे. मोर्चात ‘स्वयंसेविका’ असा कागदी बिल्ला असतो आणि तो संयोजकांच्या जवळची व्यक्ती दाखवतो. अधिवेशनात आणि संमेलनात बिल्ल्यांचे थर असतात. ‘प्रतिनिधी’ बाहेरगावाहून आलेला असतो, ‘स्वागत समिती’ म्हणजे गावातली माणसे. गावात जाऊन विचारपूस करायची असेल तर स्वागत समितीचा बिल्ला लावलेल्या चेहऱ्यांपासून सुरुवात करावी. त्यांची नावे अनेकदा स्मरणिकेत किंवा अहवालात छापलेली असतात, तेव्हा नावांची यादी आधी हाती येते आणि चेहरे नंतर जुळवायचे राहतात. बिल्ला असणे म्हणजे सभासद असणे नव्हे. फुटपाथवर उभ्या राहिलेल्या बघ्यालाही कोणीतरी बिल्ला टाचून देते.

संघटना आणि विभाग कळल्यावर कागद शोधावेत. मोठ्या दैनिकांत मोर्चाची बातमी पुढाऱ्यांच्या नावांवर संपते. पक्षांच्या साप्ताहिकांत, म्हणजे मार्क्सवाद्यांच्या ‘जीवनमार्ग’मध्ये, कम्युनिस्ट पक्षाच्या ‘युगांतर’मध्ये किंवा समाजवादी वर्तुळातल्या ‘साधना’मध्ये, स्थानिक कार्यकर्त्यांचे उल्लेख सापडण्याची आशा जास्त. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी जुने अंक पाहावेत. स्त्रियांच्या आठवणी आणि छायाचित्रांसाठी मुंबईतले ‘स्पॅरो’ हे अभिलेखागार आहे, आणि गोरेगावच्या समाजवादी कामाचा माग केशव गोरे स्मारक ट्रस्टपासून काढता येतो. घाई मात्र करावी लागते. १९७३मध्ये पंचवीस वर्षांची असलेली कार्यकर्ती आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे.

विचारायला जाताना चित्राची मोठी प्रत, तिच्यावर ठेवायचा ट्रेसिंग पेपर आणि त्यावर प्रत्येक डोक्याला दिलेला क्रमांक, एवढे जवळ असावे. आधी पूर्ण चित्र हाती द्यावे आणि गप्प बसावे. ‘या अमक्या ताई ना?’ असे विचारले की समोरची बाई भिडेखातर हो म्हणते. दोन ओळखीच्या बायकांना एकत्र बसवले तर आठवणी फुलतात, पण नावे एकमेकींची उचलली जातात. म्हणून आधी वेगवेगळे विचारून मग एकत्र बसवावे. नावे बहुधा ‘बाळूची आई’, ‘रेशनच्या दुकानासमोरच्या काकू’ अशी येतात. ती तशीच उतरवावीत, कारण पुढच्या माणसाला तीच ओळख पटते. माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे मिळाली तर दोन्ही लिहावीत. प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितले, कधी सांगितले आणि सांगणारी तिला कशी ओळखत होती हे नोंदवावे. दोघींनी स्वतंत्रपणे सांगितलेले नाव पक्के धरावे, एकीनेच सांगितलेल्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. हयात व्यक्तीचे नाव प्रसिद्ध करण्याआधी तिची किंवा घरच्यांची परवानगी घ्यावी. घरच्यांना न सांगता मोर्चाला गेलेल्या बायकाही त्या रांगांत होत्या.