सातवी पास, शाळा सोडली सत्तर साली

पाटण तालुक्यातल्या एका गावात आरोग्य पाहणीचा तक्ता भरत होतो. वयाच्या रकान्यापाशी आलो, की बहुतेक घरांत थोडा वेळ शांतता पसरते. त्या दिवशी समोर बसलेल्या मावशींना जन्मतारीख माहीत नव्हती. "वय लिहा की साठ-सत्तर काहीतरी," त्या म्हणाल्या. मग मी शाळेचं विचारलं. "सातवी पास हाय. सत्तर साली सोडली शाळा." एवढ्यावरून जन्मसाल काढता येतं का? येतं, पण आधी सरळ हिशोब काय सांगतो आणि तो कुठे चुकतो, हे पाहायला हवं.

सरळ हिशोब असा. शाळा जूनमध्ये सुरू होते. सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल पहिलीत बसतं आणि दरवर्षी एक इयत्ता चढतं. सातवीची परीक्षा एप्रिल १९७० मध्ये दिली, तर सात शैक्षणिक वर्षं मागे गेल्यावर पहिली जून १९६३ ला सुरू झाली. तेव्हा सहा पूर्ण झालेली, पण सात न झालेली मुलगी जून १९५६ ते मे १९५७ या काळात जन्मलेली असणार. म्हणजे सगळं बिनचूक असलं तरी मिळतं ते एक साल नव्हे, तर दोन सालांवर पसरलेले बारा महिने.

आता इयत्तेचं नाव. 'सातवी' हा शब्द ऐकून मोकळं होता येत नाही, कारण जुन्या मुंबई इलाख्यात मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिली सुरू व्हायची आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. त्या काळातले आजोबा "इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलो" म्हणाले, तर ती आजची सातवी असते. ती तिसरी समजली, तर हिशोब चार वर्षांनी हुकतो. 'मराठी सातवी' किंवा 'फायनल' म्हणजे मात्र खरोखरची सातवी. पुढे १९७५ च्या सुमारास अकरावीची जुनी एसएससी संपली आणि दहावीची नवी आली. त्यामुळे १९६८ साली एसएससी झालेल्या माणसाच्या मागे अकरा इयत्ता असतात आणि १९८० साली झालेल्याच्या मागे दहा. 'जुनी अकरावी की नवी दहावी' एवढं विचारलं, तरी एक वर्षाची चूक टळते. 'नॉन-मॅट्रिक' शब्द आला, तर आणखी जपावं लागतं. मॅट्रिकला बसून नापास झालेला माणूस किती वेळा बसला होता, हे त्या शब्दात नसतं.

एवढी काळजी घेतल्यावरही एक चूक उरते, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती दोन्ही बाजूंना सारखी पसरत नाही, एकाच बाजूला झुकते. मूल सहाच्या ऐवजी सात-आठ वर्षांचं असताना शाळेत गेलं, तर माणूस हिशोबापेक्षा मोठा असतो. एखाद्या इयत्तेत नापास झालं, तरी मोठाच. सुगीला, आजारपणाला किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला वर्षभर घरी राहिलं, तरीही मोठाच. उलट्या बाजूला ओढणारी कारणं मोजकीच आहेत: पाचव्या वर्षीच पहिलीत बसवलेलं मूल, किंवा क्वचित एका वर्षात दोन इयत्ता चढलेलं.

आकड्यांनी पाहू. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. समजा शंभर मुलांपैकी १५ पाचव्या वर्षी, ४५ सहाव्या, २५ सातव्या आणि १५ आठव्या वर्षी पहिलीत गेली. समजा पुढे त्यांतल्या ६० टक्क्यांचं एकही वर्ष वाया गेलं नाही, ३० टक्क्यांचं एक गेलं आणि १० टक्क्यांची दोन गेली. दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या, तर शंभरातल्या साधारण ३१ जणांचा जन्म हिशोबाच्या बारा महिन्यांत पडतो. ३० जण एका वर्षाने मोठे निघतात, २१ जण दोन वर्षांनी, ७ तीन वर्षांनी आणि दोघं चार वर्षांनी. हिशोबापेक्षा लहान निघतात फक्त ९.

म्हणजे एकच उत्तर द्यायचं झालं, तर सरळ हिशोबाचं उत्तर सगळ्यात जास्त वेळा बरोबर येतं. पण सगळ्यांची सरासरी काढली, तर माणसं हिशोबापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठी असतात. हजार माणसं तपासली म्हणून ही चूक विरून जात नाही, कारण बहुतेक चुका एकाच दिशेला असतात. पाहणी करणाऱ्याने प्रत्येकाचं साल थोडं मागे धरायला हवं, आणि दोन वर्षांनी मागे असण्याची शक्यताही उघडी ठेवायला हवी. माणूस जितक्या जास्त इयत्ता शिकला, तितक्या नापास होण्याच्या संधी जास्त. त्यामुळे चौथी पास माणसाचा अंदाज अकरावी पास माणसापेक्षा नेमका येतो. तिथे अनिश्चितता उरते ती मुख्यतः शाळेत घालण्याच्या वयाची.

ते वय तरी कसं ठरायचं? जन्माचा कागद नसलेल्या मुलाला गुरुजी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. हात कानाला पोचला, की मूल पहिलीच्या लायक. यामागे शरीराच्या वाढीचं खरं तत्त्व आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि हात आखूड. डोक्याची बरीचशी वाढ पहिल्या काही वर्षांतच होऊन जाते, हात मात्र वाढत राहतात, आणि सहा-सात वर्षांच्या आसपास बोटं पलीकडच्या कानाला टेकतात. पण पोटभर न मिळालेल्या मुलाची वाढ मागे पडते. त्याचा हात पोचेपर्यंत ते सातच्याही पुढे गेलेलं असू शकतं. म्हणजे ही कसोटीसुद्धा त्याच दिशेला झुकलेली आहे: गरीब घरातलं मूल शाळेच्या दारात हिशोबापेक्षा मोठं असतं.

मग शाळा सोडल्याचा दाखला पाहावा, असं कुणीही सुचवेल. मावशींच्या घरात तो होता. पत्र्याच्या डब्यातून काढून त्यांनी दिला. जन्मतारीख १ जून १९५७, पहिलीत प्रवेश जून १९६३. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की लक्षात येतं, प्रवेशाच्या वेळी मुलगी बरोबर सहा वर्षांची झाली होती, तीही शाळा सुरू होण्याच्या महिन्यातच. १ जून ही तारीख महाराष्ट्रात किती जणांच्या दाखल्यावर आहे, हे ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. जन्मनोंद नसलेल्या मुलाची तारीख गुरुजींनी प्रवेशाच्या वर्षातून सहा वजा करून लिहिलेली असते. आपण आत्ता केला तोच हिशोब त्यांनी साठ वर्षांपूर्वी केला होता. त्यामुळे दाखल्यावरची जन्मतारीख आपल्या अंदाजाला दुजोरा देत नाही, ती त्याच अंदाजाची नक्कल असते. दाखल्यातली खरी माहिती जन्मतारखेच्या रकान्यात नाही, प्रवेशाच्या रकान्यात आहे, कारण ती घटना गुरुजींच्या डोळ्यांसमोर घडली होती. त्यात नोकरीच्या निवृत्तीचा विचार करून वय मुद्दाम कमी लिहून घेणारे पालकही असत. तीही ओढ त्याच बाजूला.

उरतो शाळा सोडल्याचा साल, आणि तो तर आठवणीतून आलेला. 'सत्तर' हा गोल आकडा ऐकला, की मी सावध होतो. माणसं वय सांगताना साठ-पासष्ट अशा आकड्यांवर येऊन थांबतात, सालांचंही तसंच. म्हणून साल न विचारता घटना विचारावी. त्या भागात सगळ्यांच्या अंगात भिनलेली घटना एकच, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. "भूकंप झाला तेव्हा कितवीत होता?" मावशींना विचारच करावा लागला नाही. "चौथीत. मग शाळा झाडाखाली भरायची."

हिशोब इथे अडतो. एप्रिल १९७० ला सातवी झाली असेल, तर १९६७-६८ साली त्या पाचवीत असायला हव्या होत्या. चौथीत असतील, तर सातवी संपते एप्रिल १९७१ ला, आणि 'सत्तर' हा गोल केलेला आकडा ठरतो. मागे गेलो, तर न थांबता शिकलेल्या मुलीची पहिली जून १९६४ ला पडते. दाखला मात्र सांगतो जून १९६३. मधलं एक वर्ष गेलं कुठे? "कुठल्या वर्गात दोनदा बसला होता का?" असं विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "तिसरीत. त्या साली आई आजारी होती." हे विचारताना आवाज मऊ ठेवावा लागतो. साठ वर्षांनंतरही नापास हा शब्द लोकांना बोचतो.

आता साखळी जुळली. पहिली १९६३ ला, तिसरी दोनदा, भूकंपाच्या वर्षी चौथी, सातवी १९७१ ला. गंमत अशी, की सुरुवातीच्या सरळ हिशोबात दोन चुका होत्या, गोल केलेलं साल आणि न मोजलेलं नापासाचं वर्ष. त्या एकमेकींना खाऊन बसल्या, म्हणून पहिलीचं साल योगायोगाने बरोबर आलं होतं. असं दर वेळी होत नाही. उत्तर बरोबर दिसलं, तरी साखळीतली प्रत्येक कडी तपासण्याचं कारण हेच.

शेवटची कडी म्हणजे शाळेत घालताना वय किती होतं. आकडा विचारला असता, तर पुन्हा 'सहा' आलं असतं. म्हणून विचारलं, "तुमच्या बरोबरीच्या मुली तुमच्याबरोबरच शाळेत गेल्या का?" त्या म्हणाल्या, "न्हाई, त्या आदल्या साली गेल्या. मी धाकट्या भावाला सांभाळत व्हते." म्हणजे प्रवेशाच्या वेळी वय सहा नव्हे, सात पूर्ण. जन्म जून १९५५ ते मे १९५६ च्या दरम्यान. बरोबरीच्या मुली स्वतःच उशिरा गेल्या असतील, तर हेही आणखी मागे सरकेल. त्याला माझ्याकडे तोड नव्हती.

जन्माचा महिना मात्र साल विसरलेल्या माणसालाही बऱ्याचदा माहीत असतो, कारण तो सणाला बांधलेला असतो. "संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात झाले, आई सांगायची. तिळाचे लाडू सासूने केले म्हणे त्या साली." त्या बारा महिन्यांत संक्रांत एकदाच येते. दाखल्यावरच्या तारखेपेक्षा मावशी जवळजवळ दीड वर्षाने मोठ्या निघाल्या. तक्त्यात मी जानेवारी १९५६ लिहिलं, शेजारी 'अंदाजे, एक वर्ष आधीही शक्य' अशी नोंद केली, आणि दाखल्यावरची तारीख वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी उतरवून घेतली.