एसीने हवा गार होते, बदलत नाही

मागच्या जुलैत आमच्या ऑफिसात आठवड्याभरात अर्धी टीम तापाने झोपली. मीटिंग रूमची खिडकी उघडू का विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे एसी चालूये ना, बाहेरचं युनिट ताजी हवा घेतं की." चांगली शिकलेली माणसं हे बोलतात म्हणून लिहायला बसलो. स्प्लिट एसीच्या भिंतीतून दोन तांब्याच्या नळ्या जातात, त्यात गॅस फिरतो, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि बस्स. खोलीतली हवा तीच, फक्त गार होऊन परत आपल्याच तोंडावर येते.

फ्लूचा विषाणू नुसता शिंकेतून येत नाही, बोलताना आणि साध्या श्वासातूनही बारीक कण निघतात आणि बंद जागेत ते बराच वेळ तरंगत राहतात. १९७७ साली अलास्कात एक विमान इंजिन बिघडल्यामुळे ३ तास जमिनीवर उभं होतं, आत ५४ माणसं, व्हेंटिलेशन बंद, आणि त्यातली एक व्यक्ती फ्लूने आजारी. तीन दिवसांत ७२ टक्के लोकांना फ्लूसारखा आजार झाला.

आता हवा शिळी झालीये हे कळणार कसं? विषाणू मोजता येत नाही, पण उच्छ्वास मोजता येतो, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग. आपण सोडतो त्या हवेत तो जवळपास ४०,००० असतो. म्हणजे खोलीत बाहेरच्यापेक्षा जितका जास्त, तितकी दुसऱ्यांच्या (आणि थोडी आपल्याही) फुप्फुसातून जाऊन आलेली हवा आपण परत ओढतोय.

आमच्याच रूमचं गणित घ्या. ५ बाय ४ मीटर, उंची २.७, म्हणजे ५४ घनमीटर, लिटरमध्ये ५४,०००. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, ८ जण म्हणजे १४४ लिटर. १४४ भागिले ५४,००० केलं की २,६०० पीपीएमच्या वर वाढ येते, म्हणजे दार-खिडकी घट्ट बंद असेल तर तासाभरानंतर दर १५ श्वासांतला एक श्वास आधी कोणीतरी वापरलेला. प्रत्यक्षात दाराखालून थोडी हवा येतेच, माझ्या मीटरवर ४५ मिनिटांनी २,१०० दिसले. मग दार आणि समोरची खिडकी दोन्ही उघडली, दहा मिनिटांत ९०० वर आला. फक्त खिडकी उघडून एवढं होत नाही, हवेला यायला आणि जायला वेगळी वाट लागते, ती नसेल तर एक्झॉस्ट फॅन लावायचा. माणशी सेकंदाला १० लिटर बाहेरची हवा मिळाली तर आकडा ९००-९५० च्या आसपास थांबतो.

मीटर घ्यायचा असेल तर एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने थेट हा वायूच मोजणाऱ्या सेन्सरवाला घ्या. बॉक्सवर eCO2 असेल तर तो कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, दुसऱ्या वासांवरून अंदाज लावतो. जवळ सॅनिटायझर चोळून बघा, आकडा एकदम उडाला तर समजा.

साध्या लोकलमध्ये गर्दी कितीही असली तरी उघड्या दारांतून गाडी पळताना भरपूर हवा येते, तिथे धोका मुख्यतः चिकटून उभ्या असलेल्या, खोकणाऱ्या माणसाचा. खरी गंमत पावसाळ्यात बसमध्ये होते. आपल्याकडे फ्लू थंडीनंतर आणि परत पावसाळ्यात असा दोनदा वाढतो, आणि नेमकं तेव्हाच भिजायला नको म्हणून सगळ्या काचा बंद. काचेच्या आतल्या बाजूला जे धुकं साचतं, बोटाने नाव लिहिता येईल इतकं, त्यात सगळ्यांच्या श्वासाचं पाणी असतं. ते दिसलं की मीटरची गरजच नाही, पुढची एक आणि मागची एक काच चार बोटं सरकवायची.

आणि काचा उघडणं हातात नसेल, एसी लोकल किंवा एसी बस, तिथे मास्क. "विषाणू एवढासा, मास्कची भोकं मोठी" हे ऐकून कान किटले. मास्क चाळणीसारखा चालत नाही. मोठे कण धाग्यांवर आदळून चिकटतात, अगदी बारीक कण वेडेवाकडे हलत धाग्याला लागतात, आणि एन-९५ च्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो तो मधल्यांना ओढून घेतो. सगळ्यात अवघड ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, आणि त्यांच्यातलेही किमान ९५ टक्के तो अडवतो. म्हणूनच तो साबणाने धुवायचा नाही, भार जातो. पण हे सगळं हवा कापडातून गेली तरच! निळ्या सर्जिकल मास्कच्या गालाजवळच्या फटीतून ती सरळ आत येते. चष्मा असेल तर लगेच कळतं, काचेवर वाफ आली म्हणजे नाकाजवळ फट आहे, वरची पट्टी दाबून बसवा. गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी घालून यातलं काहीच होत नाही, नाक मोकळं वाटतं इतकंच, कण तसेच आत जातात.

एक लक्षात घ्या, मास्कने किंवा हेपा प्युरिफायरने मीटरचा आकडा खाली येत नाही, कारण वायू त्यातून आरपार जातो, अडकतात ते कण. त्यामुळे सगळ्यांनी नीट मास्क लावलेल्या डब्यात १,८०० दिसले तरी ती जागा विनामास्क १,८०० वाल्या मीटिंग रूमसारखी नसते.