चौकात उजवीकडे वळायला थांबताना चाक कसं ठेवावं?

“उजवीकडे वळायला थांबलं की स्टिअरिंग आधीच वळवून ठेवायचं, म्हणजे गॅप मिळाली की पटकन निघता येतं. बरोबर ना?”

नाही. हा सल्ला गोव्यात बापाकडून मुलाकडे जात राहतो, पण तो धोक्याचा आहे.

समजा, फोंड्यातल्या एका चौकात दुभाजक नाही आणि तुम्ही समोरची वाहनं जाण्याची वाट बघताय. मागून टेम्पो येऊन धडकला. चाकं सरळ असतील तर गाडी साधारण आपल्याच लेनमध्ये पुढे ढकलली जाते. ती उजवीकडे वळलेली असतील तर तोच धक्का तुम्हाला थेट समोरून येणाऱ्या बसपुढे नेतो. म्हणून चाकं सरळ ठेवा, पाय ब्रेकवर ठेवा आणि निघाल्यावरच स्टिअरिंग फिरवा.

इंडिकेटर चौकाच्या बराच आधी द्या. आरसा बघून हळूहळू मध्यरेषेजवळ या, पण रेषेच्या डावीकडेच राहा. डाव्या कडेने येऊन एकदम उजवीकडे कापणं तर नकोच, मागची स्कूटर नेमकी तिथेच सापडते.

आता गॅप. ताशी 50 किमीने येणारी गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर कापते. तुम्हाला वळायला 4 सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात ती 56 मीटर जवळ येते. तेव्हा याहून बरंच जास्त अंतर हवं. समोरच्याने लाइट मारला तर ती वाट दिल्याची खूण समजू नका. आपल्याकडे बहुतेकदा त्याचा अर्थ “मी येतोय, थांब” असाच असतो. बस थांबली तरी तिच्या आडून स्कूटर येत नाही ना, ते दिसेपर्यंत निघू नका.