पाच अँपिअर घेऊन ६९० वॅट: बाकीचा प्रवाह करतो काय?

२३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारी एक छोटी मोटर घेऊ. क्लॅम्प मीटर ५ अँपिअर दाखवतो. गुणाकार केला तर ११५० येतात, पण वॅटमीटर ६९० वरच थांबतो. दोन्ही मीटर बरोबर आहेत.

आधी हे २३० म्हणजे काय ते पाहू. एसीचा दाब सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो आणि त्याची साधी सरासरी शून्य येते. तारेतली उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते, आणि वर्ग कधी ऋण नसतो. म्हणून प्रत्येक क्षणाच्या मूल्याचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. हेच आरएमएस मूल्य. २३० व्होल्ट डीसीवर एखादा हीटर जितका तापेल, तितकाच २३० व्होल्ट आरएमएस एसीवर तापतो, जरी त्या एसीचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जात असले तरी.

आता मोटर. तिच्या वेटोळ्यांत चुंबकक्षेत्र उभे राहते तेव्हा ऊर्जा आत जाते आणि ते ओसरते तेव्हा परत पुरवठ्याकडे येते. त्यामुळे प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. दर क्षणाच्या दाब-प्रवाहाच्या गुणाकाराची सरासरी म्हणजे खरी शक्ती. ती इथे ६९० वॅट आहे. ६९० भागिले ११५० म्हणजे ०.६, हा पॉवर फॅक्टर. उरलेले ११५० वजा ६९० असे मोजायचे नाही. ११५० हा कर्ण आणि ६९० ही एक बाजू धरली, तर काटकोन त्रिकोणाच्या तिसऱ्या बाजूसारखे ते ९२० येतात, आणि त्यांचे एकक व्हीएआर. ही ऊर्जा खर्च होत नाही, नुसती ये-जा करते. पण तिला वाहून नेताना तारा मात्र तापतात.

मोटरला समांतर ४० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जोडला, तर तो साधारण ६६५ व्हीएआर जागच्या जागी पुरवतो. आता पुरवठ्याकडून २५५ व्हीएआरच यावे लागतात. पॉवर फॅक्टर ०.९४ होतो, प्रवाह ३.२ अँपिअरवर उतरतो आणि कॅपॅसिटरपर्यंतच्या तारेतली उष्णता ४१ टक्क्यांवर येते. मोटर स्वतः पूर्वीइतकेच ५ अँपिअर घेत राहते, त्यामुळे तिचे तापणे कमी होत नाही. हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मोठा कॅपॅसिटर लावला की फायदाही वाढेल, असे नाही. १०० मायक्रोफॅरड लावले तर प्रवाह दाबाच्या पुढे धावतो आणि पुन्हा ४.४ अँपिअरवर चढतो. कॅपॅसिटर एसीसाठीचाच हवा, कारण त्याला ३२५ व्होल्टचे शिखर दर आवर्तनात दोन्ही दिशांनी सोसायचे असते. स्विच बंद केल्यावरही त्यात तेवढा दाब साठून राहू शकतो, म्हणून त्याला समांतर डिस्चार्ज रेझिस्टर जोडायलाच हवा.