प्रथिने कधी, याआधी प्रथिने किती

वजनांचा व्यायाम संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात प्रथिने पोटात गेली नाहीत तर मेहनत वाया जाते, ही समजूत जिममध्ये इतकी पक्की रुजली आहे की अनेक जण घाम पुसण्याआधीच शेक संपवतात. या अवधीला ‘ॲनाबॉलिक विंडो’ म्हणतात. ही समजूत निव्वळ हवेतून आलेली नाही. तिच्यामागे प्रयोग आहेत. म्हणूनच ते प्रयोग नेमके कसे मांडले गेले होते, हे पाहणे आवश्यक आहे.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासाचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो. त्यात सत्तरी ओलांडलेल्या १३ पुरुषांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला. काहींना सुमारे १० ग्रॅम प्रथिने असलेला पूरक आहार व्यायामानंतर लगेच मिळाला, तर काहींना तोच दोन तासांनी. लगेच घेणाऱ्यांच्या मांडीचे स्नायू वाढले, उशिरा घेणाऱ्यांचे मात्र वाढले नाहीत. निष्कर्ष ठळक आहे, पण तो जपूनच वाचावा लागतो. तीन महिन्यांच्या नियमित व्यायामाने, वेगळे काही न खाताही, सहसा थोडीफार वाढ होतेच. ती एका गटात जवळजवळ दिसूच नये, ही बाब मला वेळेच्या परिणामापेक्षा अत्यल्प सहभागींमुळे आलेल्या योगायोगाची अधिक वाटते.

पुढे असे अनेक प्रयोग झाले आणि त्यांतील बहुतेकांत एक मूलभूत अडचण राहिली. एका गटाला व्यायामानंतर प्रथिनांचे पेय दिले जाई आणि दुसऱ्याला प्रथिने नसलेले, म्हणजे पहिल्या गटाला प्रथिने वेळेवर मिळत आणि जास्तही मिळत. मग स्नायू वाढले ते वेळेमुळे की जादा प्रथिनांमुळे? ब्रॅड शोनफेल्ड, ॲलन ॲरागॉन आणि जेम्स क्रीगर या संशोधकांनी २०१३ मध्ये २३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा ही गुंतागुंत उघड झाली. वेळ पाळणाऱ्या गटांचे दिवसाचे सेवन शरीराच्या दर किलोमागे सरासरी १.६६ ग्रॅम होते, तर तुलनेच्या गटांचे १.३३ ग्रॅम. ७५ किलो वजनाच्या माणसासाठी हा फरक जवळपास २५ ग्रॅम होतो, म्हणजे साधारण त्या एका शेकमध्ये असतात तेवढीच प्रथिने. एकूण सेवनातला हा फरक हिशेबात धरताच वेळेचा स्वतंत्र परिणाम उरला नाही.

नेमकी कसोटी घ्यायची तर दोन्ही गटांना सारखीच प्रथिने द्यावीत आणि फक्त वेळ बदलावी. शोनफेल्ड यांच्याच गटाने २०१७ मध्ये व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांवर असा प्रयोग केला. एका गटाने २५ ग्रॅम प्रथिने व्यायामाच्या लगेच आधी घेतली, दुसऱ्याने लगेच नंतर. दहा आठवड्यांनी ताकद आणि स्नायूंची जाडी यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

याचे कारण स्नायूंच्या कामकाजात आहे. वजने उचलल्यावर स्नायूंमधील प्रथिननिर्मितीचा वेग वाढतो आणि तो २४ तास, नवख्या माणसात तर ४८ तासांपर्यंतही चढा राहू शकतो. या काळात प्रथिने पचून मिळणाऱ्या अमिनो आम्लांचा स्नायू अधिक चांगला उपयोग करून घेतात. शिवाय पूर्ण जेवण पचायला कित्येक तास लागतात. संध्याकाळी चार वाजता पोटभर खाऊन सहा वाजता व्यायाम करणाऱ्याच्या रक्तात सात वाजतासुद्धा त्याच जेवणातील अमिनो आम्ले येत असतात, त्यामुळे त्याने पुढचे जेवण साडेआठला घेतले तरी काही बिघडत नाही.

रात्री नऊला जेवून सकाळी उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्याची गोष्ट वेगळी. साडेसातला व्यायाम संपेपर्यंत त्याला काही खाऊन साडेदहा तास झालेले असतात. अशा वेळी स्नायूंमधील प्रथिनांची मोडतोड निर्मितीपेक्षा जास्त असते आणि व्यायामाने ही तूट कमी झाली तरी अन्नाशिवाय ती भरून निघत नाही. त्याने दुपारपर्यंत थांबण्याऐवजी व्यायामानंतर लवकर २५-३० ग्रॅम प्रथिने घेणे शहाणपणाचे आहे. इथे घाईचे कारण व्यायामाइतकेच आधीचा लांबलेला उपवास हे आहे.

एकूण सेवन किती असावे? २०१८ मध्ये ४९ अभ्यासांच्या विश्लेषणात दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी लाभ थांबल्याचे दिसले, मात्र या आकड्याभोवतीची अनिश्चितता साधारण १ ते २.२ ग्रॅम इतकी मोठी आहे. ७५ किलोच्या माणसाला १.६ च्या हिशेबाने १२० ग्रॅम लागतील, म्हणजे चार वेळच्या खाण्यात प्रत्येकी ३०. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी हा हिशेब डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय स्वतःला लावू नये. इतरांनी तीन-चार दिवसांचे खाणे वजन करून लिहून काढावे. रोज वेळेवर शेक घेऊनही बेरीज ७० ग्रॅमवर थांबत असेल, तर प्रगती अडण्यामागे घड्याळापेक्षा ५० ग्रॅमची ही तूट असण्याचीच शक्यता अधिक आहे.