‘कधीपासून?’ : मृत्युदाव्यातल्या डॉक्टरी दाखल्याची पार्श्वभूमी

आयुर्विम्याचा मृत्युदावा दाखल झाला की शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे एक फॉर्म येतो. आयुर्विमा महामंडळात तो ‘बी’ फॉर्म, क्रमांक ३७८४. रुग्णालयासाठी वेगळा ‘बी-१’, क्रमांक ३८१६. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं व्हायच्या आत मृत्यू झाला असेल तर हे कागद मागितले जातात. मृत्यूचं कारण लिहायला वेळ लागत नाही. पेन अडतं ते पुढे : आजार कधीपासून होता, आणि ही माहिती कोणी दिली?

या प्रश्नाला एवढं वजन आलं ते १९३८च्या विमा कायद्यातल्या कलम ४५मुळे. वर्षानुवर्षं हप्ते भरलेल्या माणसाच्या मागे त्याच्या प्रस्तावातली बारीकशी चूक उकरून दावा नाकारायचा, याला त्या कलमाने आळा घातला. दोन वर्षं उलटली की नुसती चूक पुरत नसे. माहिती महत्त्वाची होती, ती कपटाने दडवली आणि दडवताना विमेदाराला सत्य ठाऊक होतं, हे सगळं कंपनीने सिद्ध करायचं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच तीन कसोट्या मांडल्या, आणि त्या प्रकरणात त्या कंपनीच्या बाजूने लागू पडल्या. कारण प्रस्तावाच्या थोडंच आधी विमेदारावर गंभीर आजारासाठी उपचार झाले होते. म्हणजे तेव्हाही निकाल फिरला तो डॉक्टरांकडच्या माहितीवर.

२०१५च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांची केली. त्यानंतर पॉलिसीला कोणत्याच कारणाने आव्हान देता येत नाही, कपटाच्याही नाही. साहजिकच कंपनीची सगळी चौकशी त्या तीन वर्षांत झालेल्या मृत्यूंवर एकवटते, आणि चौकशीचा पहिला थांबा उपचार करणारा डॉक्टर असतो.

सोलापुरातलंच एक कल्पित उदाहरण घेऊ. अशोक चौकाजवळचा ४६ वर्षांचा यंत्रमाग कामगार. पॉलिसी १२ जून २०२२ची. ३ फेब्रुवारी २०२४ला हृदयविकाराच्या झटक्याने गेला. साखर पेठेतल्या त्याच्या डॉक्टरांच्या केसपेपरवर पहिली नोंद १४ ऑगस्ट २०२२ची : तहान लागते, रात्री लघवीला उठावं लागतं, साखर २८०. मोठ्या रुग्णालयात मात्र दाखल होताना मेहुण्याने घाईत सांगितलं, “शुगर हाय की ओ, चार-पाच वर्षं झाली असतील.” निवासी डॉक्टरने उतरवलं : मधुमेह, पाच वर्षे.

आता ‘बी’ फॉर्म साखर पेठेत येतो. डॉक्टरांना आतून वाटतं, पहिल्याच दिवशी २८० म्हणजे साखर जुनीच असणार. वैद्यकीयदृष्ट्या ते चूक नाही. हा मधुमेह वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. पण शरीरात आजार कधीपासून होता आणि माणसाला तो कधी कळला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कलम ४५मध्ये कपटाचा मुद्दा दुसऱ्यावर उभा असतो. फॉर्ममधला ‘कधीपासून’ हा शब्द दोन्ही एकत्र कालवतो, हा त्या फॉर्मचा जुना दोष आहे असं माझं मत. म्हणून उत्तर असं हवं : ‘मधुमेहाचं निदान मी १४ ऑगस्ट २०२२ रोजी केलं. त्याआधी हा रुग्ण माझ्याकडे आलेला नाही. आधीच्या निदानाची वा उपचाराची नोंद माझ्या कागदांत नाही.’ ‘पाच वर्षं असावा’ हा अंदाज इथे लिहायचा नाही. रुग्णालयाचा शेराही आपल्या सहीखाली घ्यायचा नाही. त्यांनी तो ‘बी-१’मध्ये लिहावा आणि सांगणारा मेहुणा होता हेही लिहावं. असे ऐकीव शेरे, लिहिणाऱ्या डॉक्टरच्या शपथपत्राविना, ग्राहक आयोगांनी अनेकदा पुरावा म्हणून नाकारले आहेत.

उलटही होऊ शकतं. त्याच केसपेपरवर ‘२०२०पासून दुसरीकडे साखरेच्या गोळ्या’ अशी ओळ असती, तर तीही उतरवावीच लागली असती, रुग्णाने स्वतः सांगितल्याच्या उल्लेखासह. बायको दारात उभी राहून “तेवढं लिवू नका की ओ डॉक्टर, लेकरांचं पैसं अडकतंय” म्हणाली तरी. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या प्रमाणपत्रासाठी डॉक्टरचं नाव नोंदवहीतून निघू शकतं.

त्याच नियमांत रुग्णाचं गुपित जपण्याची सक्ती आहे, आणि मृत्यूने ती संपते असं तिथे म्हटलेलं नाही. प्रस्तावावर सही करताना विमेदार आपल्या डॉक्टरला माहिती द्यायची मुभा देतो, म्हणून हा फॉर्म भरता येतो. पण ती मुभा म्हणजे सगळा केसपेपर उघडा करणं नव्हे. या कामगाराला २०२३ मध्ये गुप्तरोगासाठी औषध दिलं असेल, आणि फॉर्म मृत्यूचं कारण व त्याच्याशी जोडलेले आजार विचारत असेल, तर त्या औषधाला तिथे जागा नाही. प्रश्नाची कक्षाच संदिग्ध असेल तर कंपनीला लेखी विचारावं, नेमकं काय हवं आहे. बहुतेकदा खुलाशाचं पत्र येतंच, त्यात तारखा विचारलेल्या असतात, आणि मग केसपेपरची साक्षांकित प्रत जोडून तेवढ्याच तारखा द्यायच्या.

मुळात केसपेपर शिल्लक असावा लागतो. नियम दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायला सांगतो. आपल्याकडे पेठेतल्या दवाखान्यांत कागद रुग्णाच्याच हाती दिला जातो, आणि तो घरी देवाच्या फोटोमागे किंवा रेशनकार्डाच्या पिशवीत सापडतो, सापडला तर.