तासाच्या रेकॉर्डिंगमधले रिकामे सेकंद

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या शेकडो ध्वनिफिती तपासल्या आणि १९७४ साली त्याबद्दल सविस्तर लिहिलं. प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. मुलाचं उत्तर आल्यावर तर तेवढंही नाही. हे दोन्ही विराम ३ सेकंदांच्या पुढे नेले, की मुलांची उत्तरं कित्येक पटींनी लांबत होती, त्यांत कारणं येत होती आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागत होती.

आज हे मोजायला मोबाइलवरचं रेकॉर्डिंग आणि ध्वनीची लहर दाखवणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. नुसत्या कानाने मात्र मोजू नये, कारण विराम अर्ध्या सेकंदाचा होता की एका, हे अंदाजाने खात्रीने सांगता येत नाही. प्रश्नाचा शेवटचा शब्द संपतो तिथे खूण करायची, पुढचा आवाज सुरू होतो तिथे दुसरी.

नमुन्यादाखल सातवीच्या वर्गातला एक तुकडा घेऊ. तो रचलेला आहे, पण ओळखीचा वाटेल. टेबलावर बर्फाच्या पाण्याचा ग्लास आहे.

बाई : ग्लासच्या बाहेर पाणी कुठून आलं? (०.८ सेकंद) सांगा, कुठून आलं? (०.६) आतलं झिरपलं का? (०.३)
वर्ग : नाऽऽही!
बाई : मग? (१.१)
एक मुलगा : हवेतून…
(०.३)
बाई : शाब्बास, हवेतून! हवेत बाष्प असतं, हो की नाही?
वर्ग : होऽऽ!

प्रश्नचिन्हं मोजली तर पाच भरतात आणि प्रश्नोत्तरं झकास चालल्यासारखी दिसतात. पण ‘हो की नाही’ हा प्रश्नच नव्हे, ती बोलण्याची लकब झाली. ‘सांगा, कुठून आलं’ ही पहिल्याचीच पुनरुक्ती आणि ‘मग’ हा त्याचाच धागा. उरतात दोन : कुठून आलं, आणि झिरपलं का. दुसरा खरं तर तपासून पाहण्यासारखा होता (रंगीत पाणी घेतलं असतं तर बाहेरचे थेंब रंगीत दिसले असते का?), पण त्याचं उत्तर बाईंच्या सुरातच होतं. त्यामुळे मोजणीआधीच नियम ठरवून लिहून ठेवावा लागतो : पुनरुक्ती वेगळी मोजायची नाही, लकबी वगळायच्या, एका शब्दात उरकणारे आणि विचार करायला लावणारे प्रश्न वेगळ्या रकान्यांत घालायचे. तोच तुकडा दोघांनी स्वतंत्रपणे मोजून पाहावा. आकडे जुळले नाहीत तर नियमातच गडबड आहे.

०.८ आणि ०.६ यांची बेरीज करून मुलांना १.४ सेकंद मिळाले, असंही म्हणता येत नाही. मधे बाईंचा आवाज आला, की मूल विचार सोडून त्यांचं ऐकू लागतं. म्हणून प्रत्येक विरामापुढे तो कोणी मोडला हेही लिहावं. इथे पहिले दोन विराम बाईंनीच मोडले आहेत.

समजा, पुढच्या प्रश्नानंतर बाई फळा पुसायला वळल्या आणि १४ सेकंद शांतता झाली. प्रश्नांनंतरचे पाच विराम झाले ०.८, ०.६, ०.३, १.१ आणि १४. सरासरी येते जवळजवळ ३.४ सेकंद, म्हणजे रो यांच्या कसोटीला उत्तीर्ण! प्रत्यक्षात तसं काही घडलेलं नाही. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा, म्हणजे मध्यक, घेतला तर तो ०.८ येतो आणि हाच या तासाचं खरं चित्र दाखवतो.

या तुकड्यातली मला सर्वांत महागात पडलेली वाटते ती शेवटची ०.३. ‘हवेतून’ म्हणणारा मुलगा अजून बोलत होता. ‘शाब्बास’ ऐकताच तो थांबला, आणि हवेतूनच का, हे त्याच्याऐवजी बाईंनी सांगून टाकलं. उत्तराची लगेच पुनरुक्ती करण्याची सवय रो यांनाही खटकली होती. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली : शिक्षक ज्यांना हुशार समजत त्या मुलांसाठी ते इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेळ थांबत. वर्गाच्या एकाच आकड्यात ही गोष्ट बुडून जाते. मुलांचे आवाज ओळखू येत असतील तर ती वेगळी मोजता येते. फक्त मोबाइल बाईंच्या टेबलावर ठेवला, की मागच्या बाकाचं पुटपुटणं पंख्याच्या आवाजात हरवतं आणि बोललेलं मूलही गप्प धरलं जातं.

बाईंना हा सगळा तक्ता देऊन उपयोग नाही. ‘तुम्ही कमी थांबता’ हेही नको, त्याने माणूस बचावात्मक होतो. तो तेवढा तुकडा त्यांना ऐकवावा आणि विचारावं, ‘तो मुलगा पुढे काय म्हणणार होता?’ मग पुढच्या तासासाठी एकच गोष्ट ठरवावी : उत्तर आल्यावर तीन सेकंद काही बोलायचं नाही. पुन्हा रेकॉर्डिंग केल्यावर तेवढाच रकाना मोजायचा, आणि सोबत मुलांच्या उत्तरातले शब्दही. विराम वाढला पण उत्तरं एकाच शब्दाची राहिली, तर दोष बहुधा प्रश्नात असतो. ‘पाण्याचा उत्कलनांक किती?’ असं विचारून दहा सेकंद थांबलं, तरी उत्तर ‘शंभर’च येणार.